केव्हीएम स्विच मागवण्याआधी टेबलाखाली वाकून बघा

केव्हीएम स्विच म्हणजे कीबोर्ड, माउस आणि मॉनिटरच्या वायरी एका कॉम्प्युटरमधून उपटून दुसऱ्याला खोचायचं काम बटणावर करणारा डबा. त्यापेक्षा जास्त तो काही करत नाही, आणि त्याच्या बहुतेक मर्यादा यातूनच येतात.

माझ्याकडे घरचा डेस्कटॉप, ऑफिसचा लॅपटॉप आणि चोवीस इंची एकच मॉनिटर. मागवण्याआधी दोन्ही मशिनची पोर्टं बघून घ्या. डेस्कटॉपला एचडीएमआय होतं, लॅपटॉपला नुसतं यूएसबी-सी, म्हणजे मधे एक अ‍ॅडॉप्टर आला. प्रत्येक कॉम्प्युटरपासून स्विचपर्यंत दोन वायरी लागतात, एक चित्राची, एक यूएसबीची. स्विचपासून मॉनिटरला आणखी एक. या वायरी स्विचच्या खोक्यात येतात का ते बघा आणि टेबलाखालून पोचतील का, हे टेप लावून मोजा. फोर-के मॉनिटर असेल तर स्विचवर ६० हर्ट्झ लिहिलेलं हवं. ३० हर्ट्झवर माउसचा बाण अडखळत पळतो. मॉनिटरलाच दोन इनपुट असतील तर मात्र नुसता यूएसबी स्विच घ्या. चित्र मॉनिटरच्या बटणाने बदलायचं, स्वस्तात काम होतं.

वर्णनात ‘ईडीआयडी इम्युलेशन’ हे शब्द शोधा. मॉनिटर आपली ओळख कॉम्प्युटरला सांगतो, तिला ईडीआयडी म्हणतात. साध्या स्विचमध्ये बटण दाबताच ही ओळख तुटते आणि लॅपटॉपला वाटतं, मॉनिटर काढून घेतला. परत येऊन बघावं तर मोठ्या स्क्रीनवर मांडलेल्या सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर गोळा झालेल्या! इम्युलेशनवाला स्विच ती ओळख स्वतःच देत राहतो. लॅपटॉप झाकून ठेवणार असाल तर विंडोजमध्ये `When I close the lid` समोर `Do nothing` करा, नाहीतर झाकण लावताच तो झोपतो.

कीबोर्डची गंमत वेगळी. स्क्रोल लॉक दोनदा दाबून बदलता येणाऱ्या स्विचमध्ये कीबोर्डचं ठरावीक पोर्ट असतं आणि कळा आधी स्विच वाचतो. साधा वायरवाला कीबोर्ड तिथे बिनबोभाट चालतो. दिव्यांचा गेमिंग कीबोर्ड किंवा जास्तीच्या बटणांचा माउस तिथे अर्धवट चालतो, कधी ओळखलाच जात नाही. तसं झालं तर तो शेजारच्या साध्या यूएसबी पोर्टात लावा. उपकरण चालेल, पण हॉटकी जाईल, बटण हाताने दाबायचं. ब्लूटूथ कीबोर्ड यात बसतच नाही, कारण तो थेट कॉम्प्युटरशी जोडलेला असतो. डोंगलवाला चालतो. बदलल्यावर दोन-तीन सेकंद टायपिंग नोंदलं जात नाही, त्यामुळे पासवर्डाची पहिली अक्षरं गेली तर कीबोर्डाला दोष देऊ नका.

आणि कॉपी-पेस्ट. इकडे कॉपी केलेलं तिकडे पेस्ट होत नाही, बाणही कडेवरून पलीकडे सरकत नाही. दोन्हीकडे विंडोज आणि एकच नेटवर्क असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं `Mouse Without Borders` हे करतं, तेही स्विचशिवाय. फक्त ते दोन्ही मशिनवर बसवावं लागतं, आणि माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर आयटीवाले ते बसवू देत नाहीत.