"डाळभाजी तर रोज खाते, मग फॉलिक ॲसिडची गोळी कशाला?" बाळाचा विचार करताना या चुका टाळा

लग्नाच्या पंगतीतली डाळभाजी असो की घरची पातळ भाजी, डाळ आणि पालक ज्या घरात शिजत नाही असं घर नागपुरात शोधूनच काढावं लागेल. म्हणून आहाराबद्दल सल्ला द्यायच्या कामात मला एक प्रश्न सारखा येतो, "मॅडम, फोलेट तर पालकात असतेच नं, मग मेडिकलमधून गोळ्या कशाला आणायच्या?" प्रश्न एकदम रास्त आहे. पालकात फोलेट म्हणजे बी-9 व्हिटॅमिन असतं हे खरं, डाळीत असतं हेही खरं, तरीपण बाळाच्या पाठीच्या कण्याचा विषय आला की तेवढ्यावर भागत नाही. का भागत नाही ते नीट समजून घ्या, कारण इथे चूक झाली तर नंतर दुरुस्त करता येत नाही.

चूक पहिली: टेस्ट पॉझिटिव्ह आली की गोळी सुरू करू

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि सगळ्यात महागात पडणारीही हीच.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू सुरुवातीला एका चपट्या पट्टीसारखा असतो, ती पट्टी दोन्ही कडांनी वर उचलली जाते आणि कडा जुळून नळी तयार होते, तिला न्यूरल ट्यूब म्हणतात, आणि ती नीट बंद व्हायला फोलेट लागतं. ही नळी वरच्या टोकाला बंद झाली नाही तर मेंदू आणि कवटी बनतच नाही, असं बाळ वाचत नाही. खालच्या बाजूला उघडी राहिली तर स्पायना बायफिडा होतो, म्हणजे पाठीवर फट किंवा फुगवटा, पायात ताकद कमी, लघवी-संडासवर ताबा नाही, कधी डोक्यात पाणी साचणं. ऑपरेशन करतात, पण गेलेली नस परत येत नाही.

आता तारखा मांडून बघा. समजा एखादीची पाळी 1 जूनला आली आणि चक्र 28 दिवसांचं आहे, तर गर्भ साधारण 15 जूनला राहील. पुढची पाळी 29 जूनला यायला पाहिजे, ती येत नाही, पण घरात लग्न आहे, दगदग झाली, उन्हाळाही लांबला, म्हणून ती आठवडाभर वाट बघते आणि 6 जुलैला टेस्ट करते. दोन रेघा दिसतात, सगळे खूश, पण नवऱ्याला सुट्टी रविवारीच म्हणून डॉक्टरची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यावर जाते. गोळी हातात येईपर्यंत 13 किंवा 14 जुलै उजाडतो. इकडे नळीचं वरचं टोक गर्भ राहिल्यापासून 25व्या दिवसाच्या आसपास, म्हणजे 10 जुलैला बंद झालेलं असतं, आणि खालचं टोक 28व्या दिवसाच्या आसपास, म्हणजे 13 जुलैला. या बाईने कुठेच हलगर्जी केली नाही, सगळं जसं चारचौघी करतात तसंच केलं, तरी गोळी नळी बंद झाल्यावर सुरू झाली.

त्यात अजून एक अडचण. आज गोळी घेतली आणि उद्या शरीर भरलं असं होत नाही, लाल पेशींमधली फोलेटची पातळी हळूहळू चढते, दोन-तीन महिने लागतात. म्हणून बाळाचा विचार डोक्यात आला की रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करायचं, कमीत कमी एक महिना आधी, जमलं तर तीन महिने आधी, आणि गरोदरपणाचे 12 आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवायचं. कॉपर-टी काढायला जाणार असाल तर काढल्यावर नाही, काढायच्या आधीपासून. आणि "आम्ही प्लॅनिंग करत नाही आहोत, पण थांबवतही नाही आहोत" असं म्हणणाऱ्या जोडप्यांनाही हेच लागू, खरं म्हणजे त्यांनाच जास्त लागू.

हे वाचताना कोणाला आधीच सात-आठ आठवडे झाले असतील आणि गोळी सुरूच नसेल तर घाबरून जाऊ नका, आजच सुरू करा आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की उशिरा सुरू केली, म्हणजे सोनोग्राफीत मेंदू आणि पाठीचा कणा ते आवर्जून बघतील. गोळी न घेतलेल्या बहुतेक बायकांची बाळंही नीटच असतात, प्रश्न धोका कमी करायचा आहे.

चूक दुसरी: पालकातलं फोलेट आणि गोळीतलं फॉलिक ॲसिड एकच समजणं

दोन्ही बी-9 व्हिटॅमिनच, पण रूप वेगळं. भाजीत आणि डाळीत जे फोलेट असतं त्याला ग्लुटामेट नावाच्या रेणूंची लांब शेपटी जोडलेली असते. आतड्यात एक एन्झाइम ती शेपटी तोडत तोडत एकावर आणतं, तेव्हा कुठे ते शोषलं जातं, आणि हे काम प्रत्येकाच्या आतड्यात सारखं होत नाही. शिवाय हे नैसर्गिक रूप नाजूक असतं, उष्णता, उजेड, हवा यांनी मोडतं आणि पाण्यात विरघळून जातं. फॉलिक ॲसिड हे कारखान्यात बनवलेलं रूप, एकच ग्लुटामेट, टिकाऊ, आणि सरळ शोषलं जातं. शरीरात गेल्यावर त्याला कामाच्या रूपात बदलावं लागतं, पण ते शरीर करून घेतं.

म्हणून हिशोब करताना दोघांना एका मापाने मोजत नाहीत. जेवणासोबत घेतलेलं 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड हे जेवणातल्या साधारण 680 मायक्रोग्रॅम फोलेटच्या बरोबरीचं धरतात, उपाशीपोटी घेतलं तर 800 च्या बरोबरीचं.

आता आपली डाळभाजी घ्या. एका माणसाच्या वाटणीला कच्ची तूरडाळ 30 ग्रॅम आणि पालक 75 ग्रॅम असं धरू. 100 ग्रॅम तूरडाळीत साधारण 108 मायक्रोग्रॅम फोलेट, म्हणजे आपल्या वाट्याला 32. पालकात 100 ग्रॅमला 140 च्या आसपास, म्हणजे 105. दोन्ही मिळून 137, तेही कच्चं असताना. आता बऱ्याच घरी पालक आधी भरपूर पाण्यात उकळतात, मग पिळून ते हिरवं पाणी सरळ सिंकमध्ये ओततात. पालकाचं जवळपास अर्धं फोलेट त्या पाण्यासोबत जातं. उरलं पालकाचं 52 आणि डाळीचं 32, म्हणजे 85 च्या आत. गोळीच्या 680 शी बरोबरी करायला अशा आठ वाट्या रोज, एकही दिवस न चुकता. कोण खाणार बाप्पा?

याचा अर्थ डाळभाजी फालतू आहे असा अजिबात नाही. आपल्याकडच्या आयसीएमआरच्या शिफारशीत साध्या दिवसांत बाईला रोज 220 मायक्रोग्रॅम फोलेट लागतं, गरोदरपणात 570, आणि गोळी 12 आठवड्यांनंतर बंद झाली किंवा बदलली तरी गरज संपत नाही, तिथे जेवणच कामाला येतं. फक्त ते जेवण नीट बनवा. पालक आधी धुवा, मग चिरा, चिरून भिजत टाकू नका. वेगळा उकळण्यापेक्षा डाळीतच टाका, कुकरमधलं पाणी भाजीतच राहतं म्हणून त्यात उतरलेलं फोलेटही ताटात येतं. उकळलाच तर पाणी कमी घ्या आणि तेच वरणात वापरा. वाफवला तर फोलेट फारसं जातच नाही. मे महिन्यात कॉटन मार्केटच्या पालकाने दुपारपर्यंत मान टाकलेली असते, मग त्या दिवसांत अख्खे हरभरे, मूग, चवळी, चणाडाळ यांच्यावर भर द्या, तूरडाळीपेक्षा अख्ख्या हरभऱ्यात आणि चवळीत फोलेट जास्तच असतं.

चूक तिसरी: कुठलीही गोळी चालते

पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. मेडिकलमध्ये नुसतं "फॉलिक ॲसिड द्या" म्हटलं की बरेचदा 5 मिलिग्रॅमची गोळी मिळते. 5 मिलिग्रॅम म्हणजे 5000 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 वाल्या गोळीच्या साडेबारा पट. (400 मायक्रोग्रॅम हे पाकिटावर 0.4 मिलिग्रॅम असंही लिहिलेलं असतं, तिथे गोंधळू नका.) मोठा डोस काही ठरावीक बायकांसाठी असतो: आधीच्या बाळाला न्यूरल ट्यूबचा दोष होता, स्वतःला किंवा नवऱ्याला आहे, डायबिटीस आहे, किंवा फिट्सच्या गोळ्या सुरू आहेत, त्यातही खास करून व्हॅलप्रोएट. यातलं काही असेल तर बाळाचा विचार करायच्या आधीच डॉक्टरला भेटा, डोस ते ठरवतील, आणि फिट्सची गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका.

या मोठ्या डोसचा पुरावा पक्का आहे. 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास आला, ज्यांचं आधीचं बाळ असं होतं त्या बायकांना गर्भ राहायच्या आधीपासून रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी कमी झालं. शंभर टक्के नाही हेही लक्षात ठेवा, काही दोष गोळी घेऊनही होतात, म्हणून सोनोग्राफी चुकवायची नाही, आणि असं बाळ झालं तर त्या आईला "तू गोळी घेतली नसशील" म्हणून बोलायचा हक्क कोणालाच नाही.

दुसरा घोळ सरकारी लाल गोळीचा. आशाताई गरोदर बाईला देतात त्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ती खाल्लीच पाहिजे, पण ती रोजची गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होते आणि मुख्य काम रक्त वाढवायचं. "लाल गोळी मिळेल तेव्हा घेऊ" म्हणून थांबलात तर नळीची वेळ केव्हाच निघून गेलेली असते.

आणि हल्ली मेथिलफोलेटची, म्हणजे फोलेटच्या आधीच कामाच्या रूपातली, महागडी गोळी "नैसर्गिक, जास्त चांगली" म्हणून खपवतात. ते रक्तात पोचतं, फोलेट वाढवतं, सगळं ठीक, पण न्यूरल ट्यूबचे दोष कमी झाल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसलं ते साध्या फॉलिक ॲसिडने. फोलेट कामाच्या रूपात बदलणाऱ्या एमटीएचएफआर नावाच्या जीनमध्ये ज्यांच्या तो बहुचर्चित बदल आहे त्यांच्याही शरीरात साधं फॉलिक ॲसिड काम करतं, त्यासाठी वेगळी टेस्ट करत बसायची गरज नाही.

चूक चौथी: बी-12 विसरणं

हे आपल्या शाकाहारी घरांसाठी खास. बी-12 कमी असेल आणि कोणी महिनोन्महिने 5 मिलिग्रॅमची गोळी मनानेच घेत असेल तर रक्तातला बिघाड फॉलिक ॲसिडने झाकला जातो, हिमोग्लोबिन छान दिसतं, आणि आतून नसांचं नुकसान चालूच राहतं. हातापायाला मुंग्या, तळव्याला बधिरपणा, चालताना तोल जाणं, असं काही असेल तर "हिमोग्लोबिन 12 आहे, मला काय झालंय" म्हणू नका, बी-12 तपासा. फोलेटचं कामही बी-12 शिवाय शरीरात अडकतं, आणि बी-12 कमी असलेल्या बायकांमध्ये न्यूरल ट्यूबचे दोष जास्त आढळले आहेत. पालकात, डाळीत बी-12 नसतं. दूध-दह्यात थोडं असतं, अंड्यात असतं, मटण-मासळीत भरपूर असतं. अंडंही न खाणाऱ्या बाईने बाळाचा विचार सुरू केला की फॉलिक ॲसिडच्या गोळीबरोबरच बी-12 ची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.