वॉरंटीतला फ्रिज बिघडला आणि कंपनी दाद देत नाही? ग्राहक आयोगात जाण्याआधी या चुका टाळा

ग्राहक आयोगात फ्रिजचं प्रकरण हरतं ते बहुतेक वेळा तक्रार दाखल होण्याच्या कितीतरी आधी, मेकॅनिक घरी येऊन गेला त्या दिवशी. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

समजा, साताऱ्यातल्या एका कुटुंबाने १२ ऑक्टोबर २०२३ ला ३१,५०० रुपयांचा फ्रिज घेतला. पूर्ण फ्रिजवर एक वर्षाची वॉरंटी, कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची. एप्रिल २०२४ मध्ये कूलिंग बंद पडलं. कंपनीचा माणूस आला, गॅस भरून गेला. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. नोव्हेंबरमध्ये तिसऱ्यांदा, आणि आता उत्तर मिळालं, "वॉरंटी संपली, गॅसचे पैसे पडतील. कॉम्प्रेसर चांगला आहे, त्यामुळे दहा वर्षांची वॉरंटी लागू होत नाही."

पहिली चूक: काम झाल्याचा ओटीपी लगेच देणे

मेकॅनिक निघताना मोबाइलवर आलेला कोड मागतो. तो दिला की कंपनीच्या नोंदीत 'तक्रार निवारण झाले, ग्राहक समाधानी' असं पडतं, आणि पुढे हीच नोंद आयोगात तुमच्याविरुद्ध सादर होते. गॅस भरल्यावर फ्रिज खरंच थंड होतो की नाही हे कळायला काही तास लागतात, दारात उभं राहून ते समजत नाही. त्याला सांगा, "उद्या कूलिंग बघून कोड देतो." तो कुरकुर करेल, करू द्या. आतमध्ये साधा थर्मामीटर ठेवून फोटो काढा. खालच्या कप्प्यात ३ ते ५ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८ च्या आसपास तापमान अपेक्षित असतं.

त्याहून महत्त्वाची जॉबशीट, म्हणजे मेकॅनिकने केलेल्या कामाची लेखी नोंद. तिच्यावर नेमकं काय लिहिलंय ते वाचून मगच सही करा. 'चेक केले, ओके' एवढंच असेल तर तिचा उपयोग शून्य. 'गॅस कमी आढळला, गॅस भरला' असं तारखेसह लिहून घ्या. फ्रिजची गॅस यंत्रणा बंदिस्त असते, तिच्यातला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. त्यामुळे चार महिन्यांत दोनदा गॅस भरल्याच्या जॉबशीट म्हणजे गळती न शोधताच काम उरकल्याचा कंपनीच्याच हातचा पुरावा. जॉबशीट फक्त ॲपवर येत असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा: आज कोण आलं, काय केलं, काय सांगून गेलं. असे इलेक्ट्रॉनिक पुरावे दाखल करताना ते कोणत्या उपकरणातून कसे काढले हे सांगणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं.

दुसरी चूक: बाहेरच्या मेकॅनिककडून उघडणे, किंवा फ्रिज एक्सचेंजमध्ये देणे

घरात दूध नासत असताना धीर धरवत नाही, हे खरं. पण बाहेरच्या माणसाने पाइप कापला की कंपनी म्हणते, आमच्या यंत्रणेत छेडछाड झाली. आणि फ्रिजच विकून टाकला तर तपासायचं काय? दोष नुसता बघून ठरत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ नुसार आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. तिचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. कंपनीचा ठरलेला बचाव असतो, "व्होल्टेज कमी-जास्त झालं, स्टॅबिलायझर नव्हता." त्यामुळे तपासणीचा अर्ज तक्रारीबरोबरच द्या. यंत्रणा न उघडता पाहणी केलेल्या जाणकार तंत्रज्ञाचं शपथपत्र जोडता आलं तर अधिक चांगलं.

आता खरी मेख. वॉरंटीत कंपनीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असते, अख्खी वस्तू बदलण्याची नसते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती गाडीच्या एका प्रकरणात म्हटलं होतं. कंपन्यांचे वकील हा निकाल हमखास पुढे करतात. त्याला उत्तर दोषाच्या जागेत असतं. गळती फ्रिजच्या भिंतीत, फोमच्या आत गाडलेल्या पाइपला असेल तर तो भाग सुटा काढून बदलता येत नाही. म्हणून कंपनीला ईमेलने एकच प्रश्न विचारा: गळती कुठे आहे, आणि तो भाग बदलता येतो का? 'येत नाही' असं उत्तर आलं तर नवा फ्रिज किंवा पैसे परत मागायला भक्कम आधार मिळतो. उत्तरच आलं नाही, तर ते मौनही तक्रारीत मांडता येतं.

तिसरी चूक: हेल्पलाइनलाच खटला समजणे

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर तक्रार करा. कंपनी कधीकधी तिथेच नमते. पण हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, आणि तिथे तक्रार पडून राहिली म्हणून मुदत थांबत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगात जायचं असतं. वरच्या उदाहरणात सावधपणे पहिल्या बिघाडापासून मोजलं तर ही मुदत एप्रिल २०२६ ला संपते. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण सबळ कारण दाखवावं लागतं.

कोणत्या आयोगात जायचं हे मागणीच्या रकमेवर ठरत नाही, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, म्हणजे घरातलं जवळजवळ प्रत्येक उपकरण तिथेच. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि e-jagriti.gov.in वरून ऑनलाइनही दाखल करता येते.

विरुद्ध पक्ष म्हणून फक्त दुकानदाराला ओढू नका. तो म्हणणार, दोष कंपनीचा. उत्पादक, विक्रेता आणि सर्व्हिस सेंटर तिघांनाही सामील करा. ऑनलाइन खरेदी असेल तर बिलावर विक्रेता म्हणून ज्याचं नाव आहे तो हवाच. बिल दुकानाच्या किंवा फर्मच्या नावावर असेल तर 'व्यापारी वापर' हा आक्षेप येतो. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे, पण ते तक्रारीत स्पष्ट लिहावं लागतं.

चौथी चूक: 'मानसिक त्रासाचे पाच लाख'

फुगवलेला आकडा बघून आयोग प्रभावित होत नाही. मागणी बाबवार लिहा आणि प्रत्येक बाबीला कागद लावा. या कुटुंबाची मागणी अशी असू शकते: त्याच क्षमतेचा नवा, दोषरहित फ्रिज, ते शक्य नसेल तर ३१,५०० रुपये, पहिल्या तक्रारीच्या तारखेपासून व्याजासह, उन्हाळ्यात भाड्याने आणलेल्या फ्रिजचे ४,००० रुपये, पावतीसह, त्रासापोटी १५,००० आणि तक्रारीचा खर्च ५,०००. 'ते शक्य नसेल तर' हे शब्द विसरू नका. ते मॉडेल बाजारातून गेलं असेल तर नव्या फ्रिजचा आदेश कागदावरच राहू शकतो. त्रासापोटी किती द्यायचं हे आयोग ठरवतो, आणि तिथे न पाळलेल्या भेटींच्या तारखा विशेषणांपेक्षा जास्त बोलतात.

तक्रार दाखल झाल्याची नोटीस पोहोचली की कधीकधी सर्व्हिस सेंटरचा फोन येतो: "फुकट गॅस भरून देतो, फक्त या कागदावर सही करा." त्या कागदावर 'पूर्ण समाधान, कोणतीही मागणी शिल्लक नाही' असं असेल तर सही करू नका. तडजोड करायचीच तर ती आयोगासमोर, अटी लिहून करा, आणि नवा फ्रिज घरात चालू झाल्याशिवाय तक्रार मागे घेऊ नका.