१ − १/३ + १/५ − १/७…: दहा पदांत π कसा गाठायचा?

१ मधून एक तृतीयांश वजा करा, एक पंचमांश मिळवा, एक सप्तमांश वजा करा. असंच पुढे चालू ठेवलं की बेरीज π/४ कडे, म्हणजे ०.७८५३९८… कडे सरकते. चौदाव्या शतकात केरळातल्या संगमग्रामच्या माधवांना ही मालिका माहीत होती. युरोपात ती सतराव्या शतकात लायब्निट्झच्या नावाने रूढ झाली.

वहीत दोन रकाने आखा. डावीकडे पद, उजवीकडे तिथपर्यंतची बेरीज. प्रत्येक पद सहा दशांश स्थळांपर्यंत काढा, कारण चारच ठेवले तर पुढे चुका साचत जातात. बेरजा अशा येतात:

१, ०.६६६६६७, ०.८६६६६७, ०.७२३८१०, ०.८३४९२१, ०.७४४०१२…

आता एक आडवी रेघ ओढून त्यावर हे आकडे मांडा. पहिली, तिसरी, पाचवी बेरीज उजवीकडून खाली उतरते. दुसरी, चौथी, सहावी डावीकडून वर चढते. पदं लहान होत शून्याकडे जातात, म्हणून दोन्ही बाजूंमधली फट मिटत जाते आणि मध्ये एकच संख्या उरते. तीच सीमा. पडताळाही यातच आहे: नवी बेरीज नेहमी आधीच्या दोन बेरजांच्या मध्येच पडायला हवी. बाहेर गेली, तर चिन्ह चुकलंय किंवा भागाकार. मी बहुतेक वेळा चिन्हातच चुकतो.

दहाव्या पदाला बेरीज ०.७६०४६० येते. चारने गुणलं तर ३.०४१८४. इतक्या कष्टानंतर पहिलं दशांश स्थळही बरोबर नाही! मालिका खरंच फार मंद आहे: n पदांनंतर π मधली चूक साधारण १/n राहते. चूक ०.००५ वर आणायची, तर सुमारे २०० पदं हवीत.

मग काय करायचं? पहिला उपाय सोपा आहे. शेवटच्या दोन बेरजांची सरासरी घ्या. नववी ०.८१३०९२ आणि दहावी ०.७६०४६०, सरासरी ०.७८६७७६. चारपट केली की ३.१४७१०.

दुसरा उपाय माधवांच्या परंपरेतला, आणि मला तो फार आवडतो. n पदांवर थांबलात, तर n/(४n² + १) एवढी दुरुस्ती करा. शेवटचं पद वजा असेल तर ती मिळवा, अधिक असेल तर वजा करा. आपलं n = १०, म्हणून दुरुस्ती १०/४०१, म्हणजे ०.०२४९३८. दहावं पद वजा आहे, तेव्हा मिळवायची:

०.७६०४६० + ०.०२४९३८ = ०.७८५३९८

चारपट ३.१४१५९. पहिली पाचही दशांश स्थळं बरोबर.

एक पथ्य मात्र पाळा, पदांचा क्रम बदलू नका. दोन अधिक पदांमागे एकच वजा पद, अशी तीच सगळी पदं कायम मांडत गेलात, तर बेरीज π/४ पेक्षा मोठ्या, वेगळ्याच संख्येवर जाऊन थांबते.