परवाना रद्दचा आदेश हाती आला? आप्पांच्या या चुका टाळा

आप्पांचं गावात किराणा दुकान. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना धान्याची पोती थेट फरशीवर रचलेली दिसली, त्यांनी तसं लिहून नेलं. पुढे दीड महिन्याने टपालाने एकदम आदेशच आला: त्रुटी दूर न केल्यामुळे अन्न परवाना रद्द. मधे एकही नोटीस नाही.

आप्पांनी संतापून पाकीट फेकलं आणि दुकान चालूच ठेवलं. इथे दोन चुका झाल्या. अपिलाची मुदत आदेश हाती पडल्यापासून फक्त १५ दिवस असते आणि तो दिवस दाखवायला टपालाचा शिक्का असलेलं पाकीटच कामी येतं. शिवाय रद्द परवान्यावर विक्री हा वेगळा गुन्हा. म्हणजे आदेश चुकीचा असला तरी आप्पा नव्याने अडकले असते.

मग ते कचेरीत जाऊन भांडून आले. तोंडी बोलण्याची नोंद कुठेच राहत नाही.

वकील पुतणीने आदेश वाचला आणि विचारलं, "काका, सुधारणा नोटीस कुठंय?" अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३२ मध्ये पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी त्रुटी आणि उपाय सांगणारी सुधारणा नोटीस, तिला किमान १४ दिवसांची मुदत. दुरुस्ती झाली नाही तर परवाना निलंबित. तरीही नाहीच झाली, तर कारणे दाखवण्याची संधी देऊन मगच रद्द. सार्वजनिक आरोग्यासाठी लेखी कारणं नोंदवून तडकाफडकी निलंबन करता येतं, पण ती सूट निलंबनापुरतीच आहे. ऐकून घेतल्याशिवाय कुणाचं नुकसान करायचं नाही, हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मेनका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात ठामपणे मांडलं आहे.

सगळ्यात महागात पडली असती ती चूक अर्जाच्या मसुद्यात होती. आप्पांनी एवढंच लिहिलं होतं: "मला नोटीस मिळाली नाही." पुतणीने कागद परत केला. "नोटीस मिळाली असती तर तुम्ही काय सांगितलं असतं, ते लिहा." हे महत्त्वाचं आहे, कारण नोटीस न मिळाल्याने प्रत्यक्ष काय नुकसान झालं हे न्यायालयं हल्ली बघतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते स्पष्टच सांगितलं. आप्पांकडे सांगण्यासारखं होतं: तपासणीनंतर चारच दिवसांनी त्यांनी पोत्यांखाली लाकडी फळ्या टाकल्या होत्या. फळ्यांचं तारखेचं बिल आणि फोटो अपिलाला जोडले, आदेशाला अंतरिम स्थगितीही मागितली आणि अकराव्या दिवशी अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील दाखल करून पोच घेतली.

थेट उच्च न्यायालयात का नाही? नैसर्गिक न्याय डावलला असेल तर तो दरवाजा बंद नसतो. पण फळ्या कधी टाकल्या यासारखी वस्तुस्थिती तपासायला अपीलच बरं पडतं.

आदेश रद्द झाला. आप्पांना वाटलं, आपण सुटलो. तसं नव्हतं, प्रकरण रीतसर नोटीस देऊन पुन्हा ऐकण्यासाठी खाली पाठवलं होतं. या वेळी मात्र त्यांनी सुनावणीआधी तपासणी अहवालाची प्रत लेखी मागितली आणि एकेका मुद्द्याला लेखी उत्तर तयार केलं.