व्हिडिओतल्या टायटलचं शुद्धलेखन दुरुस्त करताना या चुका टाळा

लग्नाचा व्हिडिओ तयार झाला, पेनड्राइव्ह घरोघरी पोचले आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की खालच्या पट्टीवर ‘वधूवरांस शुभार्शिवाद’ असं लिहिलंय. रफार श वर जाऊन बसलाय आणि वेलांटीही ऱ्हस्व आहे. हवं होतं ‘शुभाशीर्वाद’. प्रोजेक्ट फाइल जपून ठेवली असेल तर हे दोन मिनिटांचं काम. ती उडालेली असेल आणि हातात फक्त तयार एमपी४ असेल, तर जुनी अक्षरं झाकून त्यावर नवी बसवण्याशिवाय मार्ग नाही. असं ठिगळ बहुतेक वेळा ओळखू येतं, आणि त्यामागची कारणं ठरलेली असतात.

इथे एकच उदाहरण धरून चालू. व्हिडिओ १९२० × १०८०, सेकंदाला २५ फ्रेम. खाली संपूर्ण रुंदीची अपारदर्शक मरून पट्टी, वरच्या कडेला उजळ आणि खाली गडद होत जाणारी. पट्टीची उंची १२० पिक्सेल, म्हणजे वरून ८६० ते ९८०. सावलीसकट अक्षरं आडवी ५२० ते १४०० आणि उभी ८८५ ते ९५५ या हद्दीत. पट्टी शॉटभर स्थिर असते. अक्षरं मात्र ३१० व्या फ्रेमपासून १२ फ्रेममध्ये उमटतात आणि ४२३ पासून १२ फ्रेममध्ये विरतात.

ठिगळासाठी एकच रंग उचलणं

पट्टीवर एका ठिकाणी रंग उचलायचा, त्या रंगाचा आयत काढायचा आणि अक्षरांवर ठेवायचा, हे सगळ्यात आधी सुचतं. ते फसतं, कारण पट्टीचा रंग वरून खाली बदलत जातो आणि आयताचा बदलत नाही. पट्टी सपाट रंगाची असली तरी एका पिक्सेलवर विसंबू नका. एमपी४मध्ये रंगाची माहिती साधारणपणे उजेडाच्या माहितीपेक्षा आडवी आणि उभी निम्म्या बारकाव्याने साठवलेली असते, त्यातून कॉम्प्रेशनमुळे शेजारशेजारचे पिक्सेलही थोडे वेगळे निघतात. निदान १६ × १६ च्या मोकळ्या चौकोनाची सरासरी घ्या.

वरून खाली उतरणाऱ्या रंगासाठी याहून सोपी युक्ती आहे. अशा पट्टीत आडव्या दिशेला रंग बदलत नाही. म्हणून अक्षरांच्या डावीकडच्या रिकाम्या जागेतून एक अरुंद उभा काप घ्यायचा आणि तो आडवा ताणून अक्षरांवर पसरायचा. उतार जसाच्या तसा येतो, रंग जुळवत बसावं लागत नाही. एडियस, प्रीमियर किंवा रिझॉल्व्हमध्ये हेच करायचं तर त्याच क्लिपची प्रत वरच्या ट्रॅकवर त्याच फ्रेमला ठेवा, क्रॉप करून काप उरू द्या आणि फक्त आडवं स्केल वाढवा.

ठिगळ अक्षरांना चिकटून कापणं

अक्षरं पुसली गेली तरी त्यांच्याभोवती मळकट कडा उरते. एच.२६४ चित्राचे १६ × १६ पिक्सेलचे चौकोन पाडून काम करतं, त्यामुळे अक्षरांच्या कडेची थरथर त्या चौकोनात पसरते, म्हणजे अक्षराबाहेरही दिसते. वर टायटलची सावली वेगळीच. म्हणून अक्षर संपतं तिथून निदान १६ पिक्सेल बाहेर जा. आपल्या उदाहरणात ठिगळ आडवं ४८० ते १४४० आणि उभं ८७० ते ९७० ठेवलंय: बाजूंना ४० पिक्सेल मोकळे, वर-खाली १५. उभ्या दिशेला थोडं कमी पडतंय, पण पट्टीच्या वरच्या-खालच्या कडेला हात न लागणं जास्त महत्त्वाचं आहे. ती रेघ तुटली की डोळा लगेच तिथे जातो.

काप कुठून घेता तेही बघा. अक्षरं ५२० ला सुरू होतात, म्हणून काप ४४० ते ४५६ मधून. अगदी जवळून घेतला तर सावलीचा काळपटपणा ताणला जाऊन सगळं ठिगळ मळतं.

ठिगळही अक्षरांबरोबर फेड करणं

ही चूक सर्वात जास्त दिसते. नवी अक्षरं आणि ठिगळ एकाच गटात बांधून दोन्हींना १२ फ्रेमचा फेड दिला जातो. फेडच्या मध्यावर जुनी अक्षरं ५० टक्के उमटलेली असतात आणि वरचं ठिगळ ५० टक्केच अपारदर्शक असतं. म्हणजे जुनी अक्षरं २५ टक्के तशीच दिसतात. पाव सेकंदासाठी दोन वेलांट्या एकमेकींवर लुकलुकतात, आणि बघणाऱ्याला काय झालं ते कळलं नाही तरी काहीतरी झालं एवढं कळतं.

ठिगळ फेड करूच नका. जुनं अक्षर उमटायच्या एक फ्रेम आधी ते पूर्ण अपारदर्शक लागलं पाहिजे आणि शेवटचा अंश विरल्यावर एका फ्रेमने निघालं पाहिजे: आपल्याकडे ३०९ ते ४३६. फेड फक्त नव्या अक्षरांना. फ्रेमचे हे आकडे अंदाजाने ठरवू नका. फेडच्या आसपासच्या फ्रेम चित्रं म्हणून बाहेर काढून बघा:

```
ffmpeg -i juna.mp4 -vf "trim=start_frame=305:end_frame=326,setpts=PTS-STARTPTS" f%03d.png
```

यात `f001.png` म्हणजे ३०५ वी फ्रेम. मोजणी शून्यापासून असते, एडिटिंग सॉफ्टवेअरची कधी एकपासून, तेव्हा दोन्हींत एका फ्रेमची गल्लत होऊ देऊ नका. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली असेल तर फ्रेमदर अनियमित असू शकतो आणि हे आकडे घसरतात. अशा फाइलवर काम न करता मूळ पेनड्राइव्हमधली प्रत मागवा, चित्रही चांगलं मिळेल.

फक्त चुकलेला शब्द बदलणं

‘वधूवरांस’ बरोबर आहे, मग तो कशाला छेडायचा, असं वाटतं. पण जुना फॉन्ट नेमका मिळाला नाही तर एकाच ओळीत दोन वळणांची अक्षरं शेजारी उभी राहतात आणि फरक ओरडून सांगतात. पूर्ण ओळ नव्याने लिहिली तर तुलनेला शेजारी काही उरत नाही. अपवाद एकच: नुसता अनुस्वार राहिला असेल तर ठिगळाची गरजच नाही. त्याच ओळीतल्या दुसऱ्या अनुस्वाराच्या मापाचा ठिपका त्याच फेडने योग्य जागी ठेवा, झालं.

तरीही ‘वधूवरांस’चा मोठा उपयोग आहे. तो शब्द जुन्यात आणि नव्यात सारखाच आहे, म्हणून तीच तुमची फूटपट्टी. इंकस्केपमध्ये १९२० × १०८० चं पान घ्या, पूर्ण उमटलेल्या टायटलची फ्रेम खालच्या लेयरवर ठेवा, वर नवी ओळ लिहा आणि वरच्या लेयरचा ब्लेंड मोड `Difference` करा. दोन्ही जुळले की ‘वधूवरांस’ काळा होऊन दिसेनासा होतो. जिथे उजळ रेघ उरते तिथे आकार, जागा किंवा जाडी चुकलीय. मग तीच मापं ‘शुभाशीर्वाद’ला आपोआप लागू पडतात.

जुळवताना क्रम असा ठेवा. आधी शिरोरेषेपासून ‘व’च्या तळापर्यंतची उंची जुळवून फॉन्टचा आकार ठरवा, मग शिरोरेषेची जाडी बघून वजन. रुंदी शेवटी. रुंदीसाठी अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह आवरा. इंग्रजीत ते खपतं, देवनागरीत शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी होतात. ओळ पाथमध्ये बदलून एक-दोन टक्के आडवी ताणा. जुळवाजुळव संपली की मोड परत `Normal` करा.

फॉन्टचं वळणही तपासा. मूळ टायटलमध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श असेल आणि नव्या फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा दंडाचा ल, गाठीचा श आला, तर मराठी वाचकाला ते खटकतं. ‘शुभाशीर्वाद’मध्ये तर श दोनदा येतो. मूळ टायटल श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर त्या फॉन्टवर युनिकोड कीबोर्डने टाइप करून भलतंच उमटतं. त्याचा कीबोर्ड वेगळा. (रफार चुकण्याचं एक कारणही तिथेच आहे: तिथे रफार स्वतंत्र चिन्ह म्हणून टाइप होतो आणि सहज एक घर आधी पडतो.) युनिकोडमध्ये क्रम श, दीर्घ वेलांटी, र, हलन्त, व, काना, द. रफार सुटा पडून र् दिसायला लागला तर सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी जमत नाहीये. अशा वेळी तिथे झगडू नका, ओळ इंकस्केपमध्ये करून पारदर्शक पीएनजी आणा.

नवी अक्षरं फार नवी दिसणं

जुनी अक्षरं एकदा कॉम्प्रेशनमधून गेलेली, कडा किंचित मऊ. नवी सुरीसारखी धारदार. इंकस्केपमध्ये अगदी थोडा ब्लर द्या, अर्ध्या पिक्सेलच्या आसपास. मूळ पांढरा बहुधा २५५ नसून २४० च्या जवळ असतो, तोही मोजा. सावली जुन्या फ्रेमवर मोजून तेवढीच सरकवा. ठिगळाचं उलटं: ताणलेला काप इतका गुळगुळीत असतो की कणकण हलणाऱ्या चित्रात तो तुकडा मेलेला वाटतो. त्याला किंचित हलता नॉइज हवा.

हे सगळं एका आदेशात:

```
ffmpeg -i juna.mp4 -loop 1 -framerate 25 -i ol.png -filter_complex "
[0:v]split[a][b];
[b]crop=16:100:440:870,scale=2:100:flags=area,scale=960:100,noise=c0s=4:c0f=t[p];
[a][p]overlay=480:870:enable='between(n,309,436)'[c];
[1:v]scale=out_color_matrix=bt709,format=yuva420p,fade=in:310:12:alpha=1,fade=out:423:12:alpha=1[t];
[c][t]overlay=0:0:shortest=1[v]" -map "[v]" -map 0:a -c:v libx264 -crf 16 -preset slow -c:a copy nava.mp4
```

काप आधी दोन पिक्सेलपर्यंत आकसून मग ताणलाय, नाहीतर त्यातला प्रत्येक कण लांब आडवी रेघ होतो. `ol.png` पूर्ण फ्रेमच्या मापाची आहे, म्हणून ती ०:० वर बसते. `out_color_matrix=bt709` गाळलं तर पांढऱ्या अक्षरांना काही होत नाही, पण सोनेरी किंवा लाल अक्षरांचा रंग थोडा सरकू शकतो. कोणी तासभर रंग जुळवत बसतो आणि खोट इथे असते.

तपासताना उजेड वाढवून बघा:

```
ffplay -vf eq=gamma=2 nava.mp4
```

गडद पट्टीत लपलेली ठिगळाची चौकट असली तर यात उघडी पडते. चौकट पुसट दिसली तर काप अक्षरांपासून आणखी दूर न्या. ठिगळ आजूबाजूपेक्षा जास्त खदखदत असेल तर नॉइज ४ वरून २ वर आणा.

पट्टी पारदर्शक असताना हाच उपाय करणं

पट्टीखालून वरात सरकताना दिसत असेल तर ताणलेला काप आडव्या रेघांचा पडदा होतो. पट्टी स्वतःच फेड होत असेल तर फेडच्या त्या १२ फ्रेममध्येही हेच होतं. तिथे ठिगळाचा हट्ट सोडा आणि जुन्या पट्टीपेक्षा सगळीकडून थोडी मोठी, पूर्ण अपारदर्शक नवी पट्टी बसवा. तिचा फेड जुनीच्या १२ फ्रेम आधी सुरू करा, म्हणजे जुनी उगवायला लागेल तेव्हा नवी पूर्ण झालेली असेल. जाताना जुनी विरून संपल्यावरच नवीचा फेड सुरू होऊ द्या. व्हिडिओत अशा आणखी पट्ट्या असतील तर त्याही त्याच रूपात बदला, नाहीतर ही एकच वेगळी दिसेल.