कलाकाराला भूमिकेचं पत्र कसं लिहावं: तारखा, मानधन, नाव आणि कामाच्या अटी

समजा, वाईच्या बाजूच्या एका गावात छोट्या मराठी चित्रपटाचं शूटिंग लागलंय. आईच्या भूमिकेसाठी सांगलीच्या एका अनुभवी रंगकर्मी ताईंना विचारायचंय. फोनवर बोलणं झालं, त्यांना भूमिका आवडली, त्या म्हणाल्या, "बघा, पत्र पाठवा." आता ते पत्र लिहायचं आहे.

मी साताऱ्यात राहून बाहेरून येणाऱ्या युनिट्सचं प्रॉडक्शन सांभाळतो. माझ्या पहिल्या कामात मी असं पत्र लिहिलंच नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाकली होती: "जानेवारीत आठ-दहा दिवस लागतील, बाकी भेटल्यावर बोलू." गोष्टीत उभा ऊस हवा होता आणि शूटिंगच्या चार दिवस आधी त्या फडात तोडणीची टोळी शिरली. नवा फड शोधेपर्यंत तारखा आठवडाभर पुढे गेल्या. आमच्यासाठी दहा दिवस मोकळे ठेवलेल्या कलाकाराचे दोन प्रयोग हातचे गेले आणि प्रत्यक्षात आम्ही त्यांना पाचच दिवस बोलावलं. त्यांनी उरलेल्या दिवसांचं विचारलं तेव्हा दाखवायला माझ्याकडे कागद नव्हता, त्यांच्याकडेही नव्हता. निर्मात्याने पाचच दिवसांचे पैसे दिले. तेव्हापासून मी पत्राची सुरुवात तारखांपासून करतो.

तारखा

पत्र लिहायला बसण्याआधी कलाकाराला एकदा फोन करून आधीच दिलेल्या तारखा विचारून घ्या. सांगली नाटकवाल्यांचं गाव आहे. नोव्हेंबर लागला की राज्य नाट्य स्पर्धा, तिच्या तालमी आणि इतर प्रयोग यांतच तिथल्या नटमंडळींचं वेळापत्रक गुंतलेलं असतं. "तारखा आहेत" याचा अर्थ बऱ्याचदा "जमवून घेईन" एवढाच असतो. म्हणून नेमकं विचारा: कोणत्या संध्याकाळी प्रयोग आहे, कोणत्या दिवशी तालीम चुकवता येणार नाही.

मग पत्रात चार प्रकारचे दिवस वेगवेगळे लिहा. लूक टेस्ट आणि वाचनाचा दिवस, शूटिंगचे दिवस, राखीव दिवस आणि डबिंगचा दिवस. या ताईंच्या पत्रात ते असं येईल:

"लूक टेस्ट व वाचन: सोमवार, २८ डिसेंबर, सांगलीत आपल्या घरी. शूटिंग: रविवार, १० जानेवारी ते सोमवार, १८ जानेवारी. यात गुरुवार, १४ जानेवारी सुट्टी, म्हणजे कामाचे दिवस ८. राखीव दिवस: रविवार २४ आणि सोमवार २५ जानेवारी. डबिंग: फेब्रुवारीत एक दिवस, पुण्यात. तारीख किमान १० दिवस आधी, आपल्याला विचारून ठरवू."

तारखेपुढे वार लिहायचाच. तारीख टाइप करताना बोट चुकलं तर वार जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे दिसते. राखीव दिवस टाकण्याआधी गावचं कॅलेंडर बघा. पौष पौर्णिमेला मांढरदेवला काळूबाईची यात्रा असते आणि वाईकडचे रस्ते गाड्यांनी भरतात. त्या दिवसांत राखीव तारीख टाकली तर ती नावालाच राखीव राहते.

यापुढचं वाक्य बहुतेक पत्रांत नसतं आणि भांडण होतं ते नेमकं त्यावरून: ठरलेला दिवस वापरला नाही तर काय? मी असं लिहितो:

"शूटिंगचा दिवस आमच्या कारणाने रद्द झाला आणि आपल्याला ७ दिवस आधी कळवलं नाही, तर त्या दिवसाचं पूर्ण मानधन देऊ. राखीव दिवस लागणार नसेल तर १७ जानेवारीपर्यंत कळवून तो मोकळा करू. त्यानंतर कळवलं तर निम्मं मानधन देऊ. राखीव दिवशी काम झालं तर पूर्ण दिवसाचं मानधन मिळेल."

यात "आमच्या कारणाने" हे शब्द मोघम आहेत, म्हणून त्यांचा अर्थ पुढच्याच ओळीत सांगा. लोकेशन न मिळणं, ऊस तुटणं, जनरेटर बंद पडणं, दुसऱ्या कलाकाराची तारीख हुकणं, ही सगळी आमची कारणं. कलाकाराच्या आजारपणात दिवस गेला तर मानधन नाही, पण तो दिवस आधी राखीव तारखांमध्ये भरून काढायचा. पावसाचा धोका कुणाच्या अंगावर, हेही लिहून टाका. जानेवारीत इकडे अवकाळी क्वचितच येतो, तरी मी तो निर्मात्याच्या बाजूला ठेवतो. तारीख निर्मात्याने निवडलेली असते.

कंटिन्युइटीची अटही तारखांसोबतच द्या: लूक टेस्टपासून २५ जानेवारीपर्यंत केस कापायचे नाहीत, रंगवायचे नाहीत. ताईंना दुसऱ्या नाटकासाठी केस काळे करावे लागणार असतील तर ते आत्ताच कळेल.

मानधन

एकच ठोक आकडा लिहू नका, तो कसा झाला ते दाखवा. शूटिंगचे ८ दिवस, रोज ६,००० रुपयांप्रमाणे ४८,०००. लूक टेस्टचे ३,०००. डबिंगचे ५,०००. एकूण ५६,००० रुपये. आमचे निर्माते कंपनीच्या नावाने पैसे देतात, म्हणून १० टक्के टीडीएस कापला जातो. तो झाला ५,६०० रुपये आणि हातात येतात ५०,४००. हे दोन्ही आकडे पत्रात हवेत. नाटकाच्या नाइटचे पैसे पाकिटातून घेण्याची सवय असलेल्या कलाकाराला बँकेत कमी रक्कम दिसली की फसवल्यासारखं वाटतं. पॅन नंबर पत्राच्या उत्तरातच मागून घ्या, कारण पॅन नसेल तर २० टक्के कापावे लागतात. टीडीएसचं प्रमाणपत्र कोण आणि कधी देणार, तेही एका ओळीत लिहा.

हप्त्यांच्या तारखा लिहिताना "काम संपल्यावर" हे शब्द टाळा. शूटिंग संपल्यावर, डबिंग झाल्यावर की चित्रपट लागल्यावर? ज्याला जे सोयीचं, ते तो समजतो. मालिकांमध्ये ९० दिवसांनी पैसे देण्याची पद्धत रुळली आहे आणि काही निर्माते ती न सांगताच चित्रपटालाही लावतात. या पत्रात मी तीन हप्ते लिहीन: होकार आल्यावर तीन दिवसांत १४,०००, शूटिंगच्या पाचव्या दिवशी संध्याकाळपर्यंत २८,००० आणि डबिंगच्या दिवशी, डबिंग सुरू होण्याआधी, १४,०००. प्रत्येक हप्त्यातून टीडीएस वजा होईल. डबिंग ३१ मार्चपर्यंत लागलंच नाही तर त्या दिवसाचे ५,००० वगळून शेवटच्या हप्त्याचे उरलेले ९,००० त्याच तारखेला देऊ, असंही जोडा. एडिट रखडलं म्हणून कलाकाराचे शूटिंगचे पैसे अडकायला नकोत.

प्रवास, राहणं आणि जेवण मानधनात धरलेलं नाही, हे स्पष्ट लिहा. सांगली ते वाई गाडीने तीन-साडेतीन तास लागतात आणि जानेवारीत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. "प्रवास खर्च देऊ" एवढं पुरत नाही. "घरापासून घरापर्यंत गाडी आमची, ९ जानेवारीला दुपारी सांगलीहून निघेल" असं लिहिलं की विषय संपला.

नाव

नवखे निर्माते हे कलम एका ओळीत उरकतात. कलाकाराला कायद्याने मिळणारे हक्कही या नावाशी जोडलेले आहेत, हे फार थोड्यांना माहीत असतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार चित्रपटातलं काम किरकोळ, जाता जाता केलेलं असेल आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे त्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नसेल, तर ती व्यक्ती बहुतेक बाबतींत कलाकार धरली जात नाही. तिचं काम मोडतोड करून प्रतिमेला धक्का लावला तर हरकत घेण्याचा हक्क तेवढा उरतो. आईच्या मोठ्या भूमिकेला ही अडचण येणार नाही. पण त्याच चित्रपटात एका प्रसंगापुरता तलाठी करणाऱ्या नटालाही पत्र देणार असाल, तर त्याचं नाव टायटल्समध्ये येईल ही ओळ त्याच्यासाठी फार मोलाची आहे.

लिहायचं ते असं: सुरुवातीच्या टायटल्समध्ये की शेवटच्या, स्वतंत्र पाटीवर की इतरांसोबत, कितव्या क्रमांकावर, आणि पोस्टरवर नाव येणार की नाही. पोस्टरचं वचन देता येत नसेल तर "पोस्टरवर नाव देण्याचं बंधन नाही" असं सरळ लिहा. नाव मराठीत आणि इंग्रजीत कसं लिहायचं, ते कलाकाराकडूनच लिहून घ्या. लग्नाआधीचं आडनाव, नंतरचं, की नुसतं नाव, हे ज्याचं त्यानेच ठरवावं.

कामाच्या अटी

शिफ्ट किती तासांची आणि ती कुठून मोजायची, हे आधी. आमच्या पत्रात सकाळी ७ ते संध्याकाळी ७, तेही मेकअपच्या खुर्चीवर बसल्यापासून. त्यापुढे काम गेलं तर दर तासाला ६०० रुपये. पॅक अप आणि दुसऱ्या दिवशीचा कॉल यांत किमान ११ तास. रात्रीचं काम एकच दिवस, १६ जानेवारीला, आणि दुसऱ्या दिवशी कॉल दुपारी २ नंतर.

मग संहिता पुन्हा वाचा आणि या भूमिकेला अंगाने काय करावं लागणार आहे, ते एकेक करून काढा. या गोष्टीत आई पहाटे विहिरीच्या पायऱ्या उतरून पाणी भरते. जानेवारीत पहाटे तिथे चांगलाच गारठा असतो आणि पायऱ्या शेवाळलेल्या. म्हणून पत्रात लिहायचं: "प्रसंग २३ मध्ये ओल्या पायऱ्या उतरायच्या आहेत. दोर बांधलेला असेल, पाण्यात पोहणारे दोघे उभे असतील, पहिल्या तीन पायऱ्यांच्या खाली आपल्याऐवजी बदली कलाकार उतरेल. कोरडे कपडे आणि शेकोटी जागेवर असेल." हे वाचून ताई म्हणू शकतात की माझा गुडघा दुखतो, मी एकच पायरी उतरेन. ते डिसेंबरात कळलं तर शॉट बदलता येतो.

गावात व्हॅनिटी नसेल तर तसं सांगा आणि त्याऐवजी काय आहे ते लिहा: कडी लागणारी खोली, स्वच्छ संडास, चालत किती अंतरावर. युनिटमध्ये दहा किंवा जास्त माणसं असली की २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. तिच्या अध्यक्षांचं नाव आणि फोन नंबर पत्रातच द्या. भूमिका लहान मुलाची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त ५ तास काम आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे ठेव, हे नियम वेगळे जोडावे लागतात.

पाठवणं आणि होकार

पत्र दोन पानांत बसवा. पीडीएफ पाठवा, शिवाय सह्यांसाठी दोन छापील प्रती द्या. उत्तराची मुदत लिहा, पाच दिवस पुरेत. तेवढ्या दिवसांत तीच भूमिका दुसऱ्या कुणाला विचारू नका. बदल फोनवर ठरले तरी पत्रात दुरुस्त करून नवी तारीख टाकून पुन्हा पाठवा आणि आधीचं पत्र रद्द, असं वर लिहा.

पहिलं उत्तर नुसतं "मान्य" आलं तर मी पुन्हा फोन करतो आणि राखीव तारखांची ओळ वाचून दाखवतो. मागच्या हिवाळ्यात त्या एका ओळीवर पलीकडून डायरीची पानं उलटण्याचा आवाज आला आणि "थांबा, चोवीसला संध्याकाळी माझा प्रयोग आहे" असं उत्तर मिळालं. आम्ही राखीव दिवस २५ आणि २७ केले आणि पत्र नव्याने पाठवलं.