प्रात्यक्षिकाच्या गुणांवर अर्ज करताना

नर्सिंगच्या प्रात्यक्षिकाच्या गुणांबाबत परीक्षा समितीला अर्ज लिहिताना ‘माझ्यावर अन्याय झाला’ असे मोघम लिहू नये, कारण रुग्णाजवळ केलेली कृती लेखी उत्तरपत्रिकेसारखी पुन्हा तपासता येत नाही. तपासता येतो तो परीक्षकाचा गुणतक्ता आणि त्या वेळी तुम्ही स्वतः लिहिलेली नर्सिंग नोंद.

समजा, बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या एका विद्यार्थिनीला मूत्रनलिका घालण्याच्या प्रात्यक्षिकात ‘नोंद ठेवणे’ या टप्प्याला शून्य मिळाले आहे. तिने असे लिहावे: “नलिका घातल्याची वेळ, फुग्यात भरलेले १० मिली निर्जंतुक पाणी आणि लघवीचे प्रमाण व रंग मी परीक्षेतील नोंदपत्रात लिहिले असून त्यावर परीक्षकांची सही आहे, तरी ते नोंदपत्र गुणतक्त्याशी ताडून पाहावे आणि टप्प्यानिहाय गुणांची बेरीजही तपासावी, ही विनंती.”

निर्जंतुकता पाळली की नाही, हा वाद मात्र अर्जात आणू नये. परीक्षकाने पाहिले तेवढाच त्याचा पुरावा असतो. अर्जावर आसनक्रमांक, विषय, दिनांक व सत्र लिहावे. आपल्या भागात कच्चा मसुदा मराठीत होतो, पण तो कन्नड किंवा इंग्रजीत उतरवून प्राचार्यांमार्फत पाठवावा आणि आवक क्रमांकाची पोच जपून ठेवावी.